सहावी बाई ठेवायची का? किती माणसं कामाला घ्यावीत याचा सीमांत हिशेब

कर्वेनगरला माझ्या मामीचं पोळी-भाजी केंद्र आहे. भाजी नावापुरती, खरा धंदा पोळ्यांचा. सकाळी सात ते अकरा या चार तासांत दोन मोठ्या तव्यांवर पोळ्या होतात आणि घाऊक दरानं मेस, डबेवाले आणि एक-दोन ऑफिसांची कँटीन यांच्याकडे जातात. कामाला पाच बायका. मध्यंतरी मागणी वाढली तेव्हा मामीनं पंधरा दिवस सहावी बाई ठेवून बघितली आणि मग मला विचारलं, "अरे, हिला कायमची ठेवू का?"

उत्तर तिनं स्वतःच काढून ठेवलं होतं. सहा बायका मिळून रोज १,०६० पोळ्या करतात, म्हणजे बाईमागे पावणेदोनशेच्या वर. पोळी आठ रुपयांना जाते, म्हणजे बाईमागे चौदाशे रुपये येतात. बाईला पडतात चारशे. मग न ठेवायला काय झालं?

या हिशेबात दोन चुका आहेत, आणि छोट्या धंद्यांत मी त्या सारख्या बघतो. बारावीच्या अर्थशास्त्रात "सीमांत" हा शब्द आपण पाठ करतो आणि परीक्षेनंतर सोडून देतो. पण किती माणसं लावायची हा प्रश्न समोर आला की तोच शब्द कामाला येतो. एक माणूस वाढवल्यानं धंद्यात जी जादा रक्कम येते, तिला श्रमाचं सीमांत प्राप्ती उत्पादन म्हणतात. मालकाची कामगारांना असलेली मागणी याच आकड्यावर उभी असते. हा आकडा कसा काढायचा, हे मामीच्या वहीतूनच बघू. समजायला सोपं जावं म्हणून आकडे जवळच्या पूर्णांकात घेतले आहेत.

पायरी १: शेवटच्या बाईमुळे किती पोळ्या वाढल्या ते काढा

पहिली चूक सरासरीची. सहा बायकांच्या एकूण पोळ्यांना सहानं भागून जो आकडा येतो, तो सहाव्या बाईबद्दल काहीच सांगत नाही. ती नसती तर किती पोळ्या कमी झाल्या असत्या, एवढंच बघायचं. मामीच्या वहीत रोज किती जणी आल्या आणि किती पोळ्या गेल्या याची नोंद होती, त्यामुळे हे काढता आलं. एक आणि दोन बायकांचे आकडे केंद्र सुरू झालं तेव्हाच्या दिवसांतले आहेत, बाकीचे खाड्यांच्या दिवसांचे. सातव्या बाईचा आकडा एका लग्नाच्या ऑर्डरीच्या वेळचा आहे.

| बायका | चार तासांतल्या एकूण पोळ्या | शेवटच्या बाईमुळे वाढलेल्या |
|---|---|---|
| १ | २०० | २०० |
| २ | ४६० | २६० |
| ३ | ६९० | २३० |
| ४ | ८८० | १९० |
| ५ | १,००० | १२० |
| ६ | १,०६० | ६० |
| ७ | १,०७० | १० |

तिसरा स्तंभ म्हणजे सीमांत उत्पादन. तो आधी चढतो आणि मग उतरतो. का, हे सकाळी आठ वाजता तिथं उभं राहिलं की दिसतं. एकटी बाई असेल तर कणीक तिनंच मळायची, लाटायचं तिनंच, भाजायचंही तिनंच. ती लाटत असते तेव्हा तवा रिकामा तापत राहतो. दुसरी आली की एक लाटते, एक भाजते, आणि दोघींचं मिळून काम दुपटीहून जास्त होतं. तिसरी-चौथीला दोन्ही तवे लागतात. पाचवी कणीक मळते, गोळे करते, झालेल्या पोळ्यांना तेल लावून बांधते, म्हणजे बाकीच्या चौघींना जागचं उठावं लागत नाही. सहावी आली की तीही लाटायला बसते, पण आता तवे भरलेले असतात. लाटलेल्या पोळ्या परातीत एकावर एक पडतात, चिकटतात आणि काही पुन्हा लाटाव्या लागतात. सातवी बाई तर चक्क जागा शोधत फिरते.

यातली कोणतीच बाई आळशी नाही, हे नीट लक्षात घ्यायला हवं. सगळ्या सारख्याच हाताच्या आहेत. "सहावी" हे कुणा एकीचं नाव नव्हे, सहाच्या सहा जणींमधली कुणीही सहावी असू शकते. तवे दोनच असताना माणसं वाढवत गेलं की प्रत्येक जादा माणसाची भर कमी होत जाते. पुस्तकात याला घटत्या फलाचा नियम म्हणतात.

हे मोजताना घसरायच्या जागा तीन आहेत. एक, खाड्याचा दिवस बघताना त्या दिवशी कोण आलं नव्हतं ते बघा. सगळ्यात चपळ भाजणारी गैरहजर असेल तर घट तिच्या कौशल्याची असते, एका माणसाची नसते. दोन, वेळ सारखा ठेवा. चौघी असताना काम साडेबारापर्यंत चाललं असेल तर त्या दिवशीच्या पोळ्या चार तासांच्या हिशेबात आणून मगच तुलना करा. तीन, वार आणि तिथी पाहा. संकष्टी, एकादशी आणि श्रावणी सोमवार या दिवशी पोळ्यांची मागणीच पडते. त्या दिवशी सहा बायकांनी कमी पोळ्या केल्या म्हणून सहावी निरुपयोगी ठरत नाही. आम्ही असे दिवस सरळ गाळले आणि प्रत्येक ओळीसाठी निदान सहा-सात साधे दिवस मिळतात का ते बघितलं.

वही नसेल तर डोळ्यांनीही अंदाज येतो. तवा रिकामा तापताना दिसत असेल तर हात कमी आहेत. लाटलेल्या पोळ्या परातीत वाट बघत पडल्या असतील तर तवे कमी आहेत, आणि तिथं माणूस वाढवून काही होत नाही.

पायरी २: एका जादा पोळीमागे हातात किती उरतं ते काढा

दुसरी चूक आठ रुपयांची. पोळी आठला जाते हे खरं, पण ती करायला पीठ, तेल, गॅस, बांधायचा कागद आणि पोचवायचा खर्च लागतो. मामीकडे हे सगळं मिळून पोळीमागे तीन रुपये पडतात. सहावी बाई साठ पोळ्या जास्त करते तेव्हा साठ पोळ्यांचं पीठही जास्त लागतं. तेव्हा तिच्यामुळे पोळीमागे आठ नव्हे, पाच रुपये वाढतात.

पाठ्यपुस्तकात सूत्र असं असतं:

सीमांत प्राप्ती उत्पादन = सीमांत उत्पादन × सीमांत प्राप्ती

सीमांत प्राप्ती म्हणजे एक नग जास्त विकल्यानं येणारी जादा रक्कम. पुस्तकातल्या उदाहरणात बहुधा श्रम सोडून दुसरा बदलता खर्च नसतोच, त्यामुळे तिथं किंमत जशीच्या तशी लावून चालतं. खऱ्या धंद्यात कच्चा माल उत्पादनाबरोबर वाढतो, म्हणून तो आधी वजा करून निव्वळ आकडा घ्यायचा. मामीच्या केंद्रात या एका दुरुस्तीनं उत्तर बदलतं. आठनं गुणलं तर सहावी बाई ४८० रुपये आणते आणि चारशेला परवडते. पाचनं गुणलं तर ती ३०० आणते आणि परवडत नाही.

भाडं, तव्यांची किंमत, मामीचा स्वतःचा वेळ हे मात्र इथं वजा करायचं नाही. बाई पाच असोत की सहा, भाडं तेवढंच जातं. एक माणूस वाढवल्यानं जो खर्च हलत नाही, तो या निर्णयात धरायचाच नाही. पुष्कळ जण नेमकं उलटं करतात. भाडं माणसांवर वाटतात आणि पीठ विसरतात.

पायरी ३: बाई खरोखर कितीला पडते ते काढा

मामी रोख देते ३५०. दिवाळीला एका महिन्याचा पगार बोनस म्हणून देते. महिन्याचे २६ दिवस धरले तर बोनस होतो ९,१००, आणि वर्षाच्या ३१२ दिवसांवर वाटला की दिवसाला २९ रुपये पडतात. चहा-नाश्त्याचे वीस. एकूण ३९९, म्हणजे चारशेच. यात तुमच्याकडे भविष्य निर्वाह निधी, विमा, जाण्यायेण्याचं भाडं असं काही असेल तर तेही घाला. हातात दिलेला पगार आणि माणसाचा खरा खर्च यांत असा फरक नेहमीच असतो.

पायरी ४: दोन आकडे शेजारी मांडा

| बाई | वाढलेल्या पोळ्या | निव्वळ सीमांत प्राप्ती उत्पादन (रुपये) | बाईचा खर्च (रुपये) |
|---|---|---|---|
| १ली | २०० | १,००० | ४०० |
| २री | २६० | १,३०० | ४०० |
| ३री | २३० | १,१५० | ४०० |
| ४थी | १९० | ९५० | ४०० |
| ५वी | १२० | ६०० | ४०० |
| ६वी | ६० | ३०० | ४०० |
| ७वी | १० | ५० | ४०० |

जोवर तिसरा स्तंभ चौथ्यापेक्षा मोठा आहे तोवर माणसं घ्यायची, लहान झाला की थांबायचं. मामीनं पाचवर थांबायला हवं. ताळा करून बघू. पाच बायकांना १,००० पोळ्यांचे निव्वळ ५,००० येतात, पगार वजा जाता ३,००० उरतात. सहा बायकांना ५,३०० येतात, पगार वजा जाता २,९०० उरतात. चौघींना २,८००. म्हणजे सहाव्या बाईनं रोज शंभर रुपये कमी केले, महिन्याला २,६००. गंमत म्हणजे त्या पंधरा दिवसांत गल्ला रोज वाढत होता, म्हणून मामीला धंदा चांगला चालल्यासारखा वाटत होता.

इथं एक पथ्य आहे. तुलना वाढीव माणसाची करायची, पण शेवटी एकूण बेरीजही बघायची. समजा बाई बाराशेला पडू लागली. दुसरी बाई १,३०० आणते, म्हणजे नियमानं ती ठेवायला हवी. पण दोघींचे मिळून येतात २,३०० आणि द्यायचे २,४००. अशा वेळी उत्तर "दोन" नसतं, "बंद करा" असं असतं. या केंद्रात बाईमागची सरासरी निव्वळ मिळकत जास्तीत जास्त १,१५० पर्यंत जाते. मजुरी त्याच्या वर गेली तर सीमांत आकडा काहीही म्हणो, तवे थंड ठेवलेले बरे.

पायरी ५: हाच तक्ता मागणी म्हणून वाचा

आतापर्यंत मजुरी ठरलेली होती आणि माणसं शोधत होतो. आता मजुरी हलवून बघा. बाई साडेसहाशेला पडू लागली तर मामी चौघी ठेवेल. अडीचशेला मिळाली तर सहा. हजाराला पडली तर तीन. म्हणजे तिसऱ्या स्तंभाचा उतरता भाग हाच मामीचा श्रमाच्या मागणीचा वक्र आहे. वेगळा वक्र कुठून आणावा लागत नाही. मालकाला माणूस माणूस म्हणून नको असतो, पोळ्या विकल्या जातात म्हणून हवा असतो. याला परोक्ष मागणी म्हणतात.

पण हा वक्र पुस्तकातल्यासारखा गुळगुळीत नाही, जिन्यासारखा आहे. ३०० पासून ६०० पर्यंत मजुरी कुठंही असली तरी उत्तर पाचच येतं. बायकांनी चारशेचे साडेचारशे मागितले, पाचशे मागितले, तरी मामी कुणाला काढणार नाही. काढणं तिच्याच तोट्याचं आहे. फक्त तिच्या वाट्याला उरणारी रक्कम कमी होईल. शहरातल्या शेकडो केंद्रांच्या अशा पायऱ्या एकावर एक ठेवल्या, की कुणाची पायरी ४१० ला संपते, कुणाची ४४० ला, आणि मग एकूण मागणी उतरत्या रेषेसारखी दिसू लागते.

यावरून एक जुना वाद आठवतो. १९४६ साली रिचर्ड लेस्टर या अमेरिकी अर्थतज्ज्ञानं कारखानदारांना विचारलं, की तुम्ही किती माणसं ठेवता हे कशावर ठरतं. बहुतेकांनी मजुरीचं नाव न घेता मालाच्या मागणीचं नाव घेतलं. त्यावरून त्यानं सीमांत सिद्धांतावरच शंका घेतली, आणि फ्रिट्झ माखलुप यानं त्याच वर्षी त्याला सडेतोड उत्तर दिलं. मामीला विचारलंत तर तीही म्हणेल, "ऑर्डर असेल तर बाई लागते." माझ्या मते ते उत्तर या तक्त्याला छेद देत नाही. लांब पायरीच्या मधोमध उभ्या असलेल्या मालकाला मजुरीतला थोडा फरक जाणवतच नाही, ऑर्डरीतला फरक मात्र लगेच जाणवतो.

ऑर्डरीचा फरक कसा जाणवतो? समजा मागणी ९५० पोळ्यांवरच थांबली. चौघी ८८० करतात, तेव्हा पाचवीच्या हातच्या फक्त ७० पोळ्या खपतील. सत्तर पाचे साडेतीनशे. चारशेला ती पन्नास रुपयांनी महाग झाली. उत्पादन मोजताना विकलेल्या पोळ्या मोजा, केलेल्या नव्हे. संध्याकाळी उरलेल्या पोळीचं तर पीठही गेलेलं असतं. अशा वेळी मामी तरीही पाचवी ठेवेल, आणि ते चूक नाही. पाच ठेवल्या तर एकीच्या खाड्याला चौघी हजर असतात. चार ठेवल्या तर तीन उरतात आणि मेसवाल्याला नाही म्हणावं लागतं. दोनदा नाही म्हटलं की तो दुसरीकडे जातो. पन्नास रुपये हा त्या भरवशाचा हप्ता आहे. तक्त्यात तो दिसत नाही, आपण वरून घालावा लागतो.

पायरी ६: जास्त विकण्यासाठी भाव पाडावा लागतोय का?

आतापर्यंत मी धरून चाललो होतो, की १,००० पोळ्याही आठलाच जातात. प्रत्येक वेळी तसं होत नाही. एकदा शेवटच्या १२० पोळ्यांसाठी नवी मेस मिळत होती, पण तिला साडेसातचा भाव हवा होता. मामीची भीती ही, की मेसवाले एकमेकांशी बोलतात, एकाला दिलं की सगळ्यांना द्यावं लागेल.

तसं झालं तर हिशेब असा. चौघी असताना ८८० पोळ्या आठनं, ७,०४० रुपये. पाच जणी असताना १,००० पोळ्या साडेसातनं, ७,५०० रुपये. वाढ ४६०, त्यातून १२० पोळ्यांचा माल ३६०. उरले शंभर. पाचवी बाई सहाशे आणायची ती एकदम शंभरावर आली. तिच्या हातात काही बिघडलं नाही, तिनं १२० पोळ्याच लाटल्या. पण त्या विकण्यासाठी आधीच्या ८८० पोळ्यांवर पन्नास-पन्नास पैसे सोडावे लागले, ते ४४० रुपये तिच्या खात्यातून गेले. म्हणून सूत्रात किंमत नसते, सीमांत प्राप्ती असते. इथं भाव साडेसात असताना जादा पोळीमागे वाढ चार रुपयांच्याही आत होती.

उलट सवलत फक्त नव्या मेसपुरती ठेवता आली, तर १२० पोळ्यांवर साडेचार रुपये सुटतात, म्हणजे ५४०, आणि बाई परवडते. मामीनं त्या मेसला जरा लहान पोळी वेगळ्या पुडक्यात द्यायला सुरुवात केली, माल वेगळा म्हणून भाव वेगळा. बाजारात हे सगळेच करतात. पाचव्या बाईची नोकरी अशा पुडक्यावर अवलंबून असते, हे मात्र कुणी बोलून दाखवत नाही.

पायरी ७: नव्या माणसासाठी जुन्यांचाही पगार वाढवावा लागतोय का?

असंच दुसऱ्या बाजूनंही होतं. समजा आसपासच्या वस्तीत पोळ्या लाटायला येणाऱ्या चारच बायका चारशेला मिळतात आणि पाचवी ४५० शिवाय येत नाही. एकीला जास्त दिलं हे दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी कळणारच, तेव्हा सगळ्यांना ४५० द्यावे लागतील. मग पाचवी कितीला पडली? तिचे ४५० आणि आधीच्या चौघींचे पन्नासप्रमाणे २००, मिळून ६५०. ती आणते ६००. मामी तिला घेणार नाही, जरी ती आपल्या पगारापेक्षा दीडशे रुपये जास्त आणते आहे.

मालक मजुरी ठरवण्याइतका मोठा असेल किंवा कामाला जायला दुसरी जागाच नसेल, तिथं हे घडतं. जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्ये याची नीट मांडणी केली. तिच्यातून निघणारी एक गोष्ट ऐकणाऱ्याला उलटी वाटते. अशा ठिकाणी ४५० हे किमान वेतन लागू झालं तर माणसं कमी होत नाहीत, वाढतात. चौघींना ४५० द्यायचेच आहेत, मग पाचवीचा जादा खर्च फक्त ४५० राहतो, ती आणते ६००, म्हणून ती कामाला लागते. किमान वेतन ६०० च्या वर नेलं तर मात्र ती पुन्हा बाहेर जाते. "किमान वेतन वाढवलं की नोकऱ्या जातात" आणि "जात नाहीत" अशी दोन्ही बाजूंची ठाम विधानं ऐकली, की मी आधी विचारतो, त्या बाईला कामाला जायला दुसरी जागा आहे का?

या आकड्यातून काय काढू नये

तक्ता दाखवल्यावर मामीच्या एका बाईनं मला अवघड प्रश्न विचारला. "दुसरी बाई तेराशे आणते म्हणता, मग आम्हाला चारशेच का?"

प्रामाणिक उत्तर असं, की तेराशे हे कुणा एकीच्या हातचं मोल नव्हे. एका जागी दोन तवे, मामीच्या ओळखी आणि दोघींची जुळलेली लय मिळून ते आले. कुणालाही पाचवी धरता येतं, आणि पाचवीची भर सहाशेच असते. पण सहाशेतूनही चारशेच का, याचं उत्तर या तक्त्यात नाही. जॉन बेट्स क्लार्क यानं १८९९ मध्ये असं मांडलं, की मुक्त स्पर्धेत प्रत्येकाला आपल्या सीमांत उत्पादनाइतकं मिळतं आणि ते न्याय्यही असतं. मला यातला दुसरा भाग कधीच पटला नाही. हा आकडा मालकाची मागणी सांगतो. मजुरी ठरायला दुसऱ्या बाजूचा पुरवठाही लागतो, किती बायका हे काम शोधत आहेत, घरून किती वाजता निघू शकतात, दुसरीकडे काय मिळतं. मी त्या बाईला एवढं सांगितलं, की तुम्ही पाच जणींनी मिळून साडेचारशे मागितले तर मामीला कुणाला काढून फायदा नाही. मामी शेजारीच उभी होती. ती माझ्याकडे कशी बघत होती ते सांगत नाही.

तक्ता कधी बदलतो

तक्ता दगडावर कोरलेला नसतो. पोळीचा भाव, पिठाचा भाव किंवा साधनं, यातलं काहीही हललं की तो नव्यानं करावा लागतो. पिठासकट माल पोळीमागे एका रुपयानं महागला आणि भाव वाढवता आला नाही, तर पोळीमागे चार उरतात आणि पाचवी ४८० वर येते. अजून परवडते, पण काठावर. आणखी रुपया गेला तर ३६०, आणि मग नाही. मजुरी न वाढताही माणसं कमी होतात ती अशी.

साधनांची गोष्ट जास्त महत्त्वाची, कारण मामीच्या मूळ प्रश्नाचं उत्तर तिथं होतं. लाटलेल्या पोळ्या परातीत पडून राहत होत्या, म्हणजे अडचण हातांची नव्हती, तव्याची होती. तिनं तिसरा तवा मांडला. दोन आठवड्यांच्या नोंदी अशा आल्या: पाच बायकांना १,१२० पोळ्या, सहा बायकांना १,२६०, सात बायकांना १,३४०. सहावीची भर साठवरून १४० झाली, म्हणजे ३०० चे ७०० रुपये. तीच बाई, तेच हात, आणि आता ती सहज परवडते. सहा जणींवर रोजचे ३,९०० उरू लागले, म्हणजे आधीच्या पाच जणींपेक्षा नऊशे जास्त. यातून तव्याचे आणि शेगडीचे पैसे किती दिवसांत फिटतात ते वेगळं मोजायचं. आणि १,२६० पोळ्या खपायला हव्यात, ही अट आहेच.

यंत्र आलं की माणसं जातात असं सरसकट म्हणतात. तव्यानं माणूस वाढवला, कारण तवा आणि लाटणारी बाई एकमेकांना पूरक आहेत. लाटायचं यंत्र आणलं असतं तर तेच हात त्याच्याशी स्पर्धेत उभे राहिले असते, आणि तक्ता दुसऱ्या बाजूला सरकला असता.

राहिली सातवी. तीन तव्यांवर तिची भर ८० पोळ्यांची, म्हणजे बरोबर चारशे रुपये, आणि ती पडतेही चारशेलाच. ठेवली काय, न ठेवली काय, मामीच्या हातात तेवढंच उरतं. मी मामीला तसं सांगितलं. तिनं क्षणभर विचार केला आणि सातवीला लग्नसराईपुरतं बोलावलं, चतुर्थी-एकादशी सोडून.